दहा तारखेची बैठक: ध्वनिमुद्रणावरून बचत, कर्ज आणि परतफेडीच्या तारखा (प्रकल्प नोंदी)

11 जुलै 2025, शुक्रवार

काल, म्हणजे 10 जुलैला, औसा तालुक्यातील एका बचत गटाची मासिक बैठक झाली आणि तिचे एक तास बारा मिनिटांचे ध्वनिमुद्रण आज सकाळी माझ्याकडे आले. गटाची वही लिहिणारी मुलगी शेजारच्या गावाहून येते. ती बैठकीला प्रत्येक वेळी पोहोचू शकत नाही, त्यामुळे दोन-तीन दिवसांनी चिठ्ठ्यांवरून आणि सगळ्यांच्या आठवणीवरून वही भरली जाते. त्यातून मागील सहा महिन्यांत दोनदा वाद झाले. बैठक मुद्रित करायची आणि तिच्यावरून वही भरायची, असा ठराव गटाने जूनच्या बैठकीत इतिवृत्तात लिहून सर्वांच्या सह्यांनिशी केला आहे. हिशोब जुळून वहीवर सह्या झाल्या की मुद्रण पुसायचे, हीही त्याच ठरावातील अट आहे.

गटात बारा सदस्या आहेत. बचत महिन्याला शंभर रुपये, कर्जावरील व्याज शेकडा दोन रुपये दरमहा आणि तेही उतरत्या शिल्लकेवर, उशिरा येणाऱ्या सदस्येला दहा रुपये दंड. या नोंदींमध्ये मी कोणाचेही नाव लिहिणार नाही. वहीतील अनुक्रमांकानेच सदस्या 1 ते सदस्या 12 असा उल्लेख करीन. सदस्या 1 अध्यक्ष आहे, सदस्या 8 सचिव आहे आणि पेटी सदस्या 12 कडे, म्हणजे कोषाध्यक्षांकडे, असते.

मुद्रणासोबत मी आणखी दोन गोष्टी मागून घेतल्या, कारण त्यांच्याशिवाय नुसत्या आवाजावरून काहीच करता आले नसते: जूनअखेरची कर्ज खतावणी आणि जूनच्या बैठकीनंतर पेटीत राहिलेली रोख. रोख 1,340 रुपये आहे. कर्जे चार आहेत: सदस्या 2 कडे 5,000, सदस्या 4 कडे 8,000, सदस्या 7 कडे 3,000 आणि सदस्या 10 कडे 1,500, मिळून 17,500 रुपये.

13 जुलै, रविवार

पहिली फेरी ऐकून झाली. फोन सतरंजीच्या मधोमध ठेवलेला होता आणि वर पंखा फिरत होता, त्यामुळे दूर बसलेल्या सदस्यांचे आवाज पंख्याच्या घरघरीत बुडतात. पाऊण वेगाने ऐकूनही काही ठिकाणी तीन-तीन वेळा मागे जावे लागले.

खरी अडचण आवाजापेक्षा हाक मारण्याची आहे. बैठकीत कोणीही कोणाला वहीतील नावाने हाक मारत नाही. सदस्या 9 ला एकजण ‘थोरल्या जाऊबाई’ म्हणते, दुसरी ‘आक्का’ म्हणते, तिसरी तिच्या मुलाच्या नावाने ‘अमक्याची माय’ म्हणते आणि वहीत तिचे नाव चौथेच आहे. शिवाय ‘आक्का’ ही हाक सदस्या 1 लाही मारली जाते. म्हणून आज दुपारी सचिवबाईंना फोन करून हाकांची यादी तयार केली. कोण कोणाला काय म्हणते हे दोन्ही बाजूंनी लिहावे लागले, कारण ‘वैनी’ म्हणजे कोण हे बोलणारीवर अवलंबून असते. अर्धा तास लागला, सचिवबाईंना हसूही फार आले, पण या यादीशिवाय पुढचे एक पानही बरोबर भरले नसते.

तक्त्यात प्रत्येक ओळीला मुद्रणातील वेळ, सदस्या, बाब, रक्कम आणि शेवटी ऐकू आलेले नेमके शब्द अशी पाच घरे ठेवली आहेत. शब्दांचे घर मी मुद्दाम ठेवले आहे, कारण रक्कम हा माझा अर्थ असतो आणि अर्थ चुकू शकतो. नमुना असा:

```
14:20 | 8  | बचत   | 100  | "हे माझे शंभर"
14:31 | 9  | बचत   | 100  | "थोरल्या जाऊबाईंचे घ्या, त्या पंढरपूरला हाइत"
19:05 | 4  | मुद्दल | 2500 | "अडीच हजार मोजून घ्या"
19:22 | 4  | व्याज  | 160  | "वरचे एकशे सा(?)"
```

दुसरी ओळ पाहण्यासारखी आहे. आवाज सदस्या 8 चा, पैसे सदस्या 9 चे. आषाढी एकादशी 6 तारखेला होती, बैठकीच्या दिवशी पौर्णिमा होती आणि सदस्या 9 गोपाळकाल्यापर्यंत पंढरपुरात थांबली होती. आवाजावरून सदस्या ठरवण्याची माझी पहिली पद्धत इथेच बाद झाली. पैसे कोणाच्या हातातून आले आणि कोणाच्या खात्यावर जमा करायचे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि वहीला दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर हवे असते.

चौथ्या ओळीतील प्रश्नचिन्ह सुटले. ‘एकशे सात’ आणि ‘एकशे साठ’ पंख्याखाली सारखेच ऐकू येतात. परंतु जूनअखेर सदस्या 4 कडे 8,000 रुपये बाकी होते आणि शेकडा दोनने त्याचे महिन्याचे व्याज 160 होते, 107 कोणत्याही रीतीने होत नाही. व्याजासाठी खतावणीच्या वेगळ्या तक्त्यात, जिथे D4 मध्ये जूनअखेरची बाकी आहे, `=ROUND(D4*2%,0)` हे सूत्र घालून ठेवले आहे. ते हिशोबासाठी आहेच, पण कानाला साक्षीदार म्हणून त्याचा उपयोग अधिक होतो आहे.

15 जुलै, मंगळवार

सगळ्या रकमा भरून झाल्या आणि अखेरची शिल्लक काढली. आरंभीची रोख, अधिक सर्व जमा, वजा दिलेली कर्जे. उत्तर आले उणे 120 रुपये.

पेटीत उणे रक्कम असू शकत नाही. मुद्रणाच्या शेवटी, एक तास नऊ मिनिटांवर, कोषाध्यक्षबाई उरलेली रोख मोठ्याने मोजतात आणि ‘आठशे साठ’ म्हणतात. हे एकच वाक्य साऱ्या मुद्रणात असे आहे की ज्याच्यामागे बोलणे नाही, मोजलेल्या नोटा आहेत. माझ्या तक्त्यात आणि पेटीत 980 रुपयांचे अंतर आहे. इथेही ‘साठ’ आहे, त्यामुळे क्षणभर वाटले की मीच चुकीचे ऐकले असेन, पण त्या नोटा मोजताना पाचशे, सातशे, आठशे, आठशे पन्नास, साठ अशा क्रमाने जातात, म्हणून शंकेला जागा नाही.

आज इथेच थांबतो. थकलेल्या कानाने दुरुस्ती केली तर आकडा जुळवण्याच्या नादात नको ते ऐकू येऊ लागते.

16 जुलै, बुधवार

दोन चुका सापडल्या आणि दोन्ही एकाच जातीच्या निघाल्या: मी बोलणे लिहिले होते, व्यवहार लिहिला नव्हता.

पहिली चूक कर्जाची. सदस्या 6 ने बी-बियाण्याच्या उसनवारीसाठी आणि फवारणीसाठी कर्ज मागितले. बत्तिसाव्या मिनिटाला ती स्पष्टपणे म्हणते, ‘मला पाच हजार पायजेत.’ मी 5,000 लिहून पुढे गेलो होतो. पुढची सहा मिनिटे चर्चा चालते, अध्यक्षबाई म्हणतात की पेटीत एवढे नाहीत आणि सदस्या 3 लाही मुलांच्या शाळेसाठी द्यायचे आहेत, मग कोणीतरी म्हणते, ‘साडेतीन घे की आत्ता.’ ती ‘बरं’ म्हणते आणि अडतिसाव्या मिनिटाला नोटा मोजल्याचा आवाज येतो. दिलेले कर्ज 3,500 रुपये आहे. मागणी, चर्चा आणि मंजुरी इतिवृत्तात जावी हे योग्यच, पण खतावणीत फक्त मोजून दिलेली रक्कम जाते.

‘साडेतीन’वर थोडे थांबले पाहिजे. कर्जाच्या बोलण्यात एकक गाळले जाते आणि ते हजार असते हे सगळ्यांना ठाऊक असते. याच मुद्रणात पुढे कोषाध्यक्षबाई जमा झालेल्या एकूण व्याजाचा आकडा सांगतात, ‘साडेतीनशे.’ घाईत ऐकणाऱ्याला हे दोन आकडे एकमेकांची दुरुस्ती वाटू शकतात, म्हणजे कर्ज साडेतीनशेचे होते असा समज होऊ शकतो. म्हणून सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच आणि साडे यांपैकी काहीही आले आणि मागे शे किंवा हजार नसले, तर मी रकमेचे घर रिकामे ठेवतो आणि संदर्भ वाचूनच भरतो. ‘पावणेदोन’ला मी विशेष घाबरतो, कारण त्यात ऐकू येते ‘दोन’ आणि अर्थ असतो 1.75.

दुसरी चूक सदस्या 10 ची. तिने कर्ज मिटवले. 1,500 मुद्दल आणि 30 रुपये व्याज, मिळून 1,530. ती म्हणते, ‘हे दोन हजार घ्या अन् मिटवून टाका आमचं.’ मी दोन हजार जमा लिहिले. चाळीस सेकंदांनंतर, दुसऱ्याच कोणाच्या तरी बोलण्याच्या मध्ये, कोषाध्यक्षबाई हळूच म्हणतात, ‘हे चारशे सत्तर, मोज.’ ते परत दिलेले सुटे होते. पहिल्या फेरीत या चारशे सत्तरला कोणतीच बाब सापडेना म्हणून मी ती ओळ ‘अस्पष्ट’ म्हणून बाजूला टाकली होती. आता नियम केला आहे की ‘अस्पष्ट’ ओळ रिकामी सोडायची नाही. तिच्यासमोर पैसा पेटीत गेला की पेटीतून आला एवढे तरी लिहायचेच.

कर्जाची दुरुस्ती केल्यावर शिल्लक 1,380 झाली आणि सुट्यांची दुरुस्ती केल्यावर 910. मोजलेले 860. अंतर 50 रुपये.

17 जुलै, गुरुवार

पन्नास रुपयांसाठी दीड तास गेला. घरच्यांनी विचारले की स्वतःच्या खिशातून पन्नास घालून का टाकत नाही. खरे म्हणजे फरक लहान असला की तो ‘किरकोळ’ या घरात ढकलण्याचा मोह होतोच, परंतु दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून लहान फरक मागे ठेवतात हे मी पूर्वी पाहिलेले आहे.

सापडले ते बैठक सुरू होण्यापूर्वी. मी प्रार्थनेनंतरच ऐकायला सुरुवात केली होती, कारण त्याआधीच्या चार मिनिटांत पाऊस, खुरपणी आणि वारीला गेलेल्यांची खुशाली एवढेच आहे असे वाटले होते. तिसऱ्या मिनिटाला सचिवबाई कोषाध्यक्षबाईंना म्हणतात, ‘रजिस्टर आणलंय पन्नासचं, तेवढं द्या बगा आधी.’ पेटीचे झाकण उघडल्याचा आवाजही आहे. इतिवृत्ताची नवी वही, खर्च 50 रुपये.

आता जुळते. पूर्ण हिशोब लिहून ठेवतो. आरंभीची रोख 1,340. बचत 1,200, मुद्दल 4,500, व्याज 350, दंड 20, म्हणजे एकूण जमा 6,070 आणि आरंभीच्या रोखीसह 7,410. कर्जवाटप 6,500 आणि वही 50, म्हणजे नावे 6,550. अखेर 860.

जमेतील मुद्दल आणि व्याजाची फोड मुद्रणातून थेट मिळत नाही, हेही इथे लिहिले पाहिजे. सदस्या 2 फक्त ‘सहाशे’ म्हणते. तिच्याकडे 5,000 बाकी होते, त्याचे व्याज 100, म्हणून मुद्दल 500. सदस्या 7 ‘यंदा नुसतं व्याज घ्या’ म्हणून 60 रुपये देते, तिचे 3,000 तसेच राहतात. मागील खतावणी समोर नसती तर ‘सहाशे’ हा एक आकडा राहिला असता आणि त्याचा हिशोब करता आला नसता.

19 जुलै, शनिवार

पेटी जुळली म्हणून वही जुळली असे नाही, हे आज चांगलेच कळले.

बचत 1,200 आली. बारा सदस्या, प्रत्येकी शंभर. इतके सरळ दिसल्यामुळे मी 17 तारखेला बाराही जणींपुढे शंभर लिहून मोकळा झालो होतो. आज हजेरी आणि बचत शेजारी ठेवून पाहिली तेव्हा सदस्या 11 बैठकीला आलेलीच नव्हती आणि तिच्या वतीने कोणीही पैसे दिले नव्हते. मग बाराशे झाले कसे? सदस्या 5 ने दोनशे दिले होते. जूनमध्ये तिची बचत राहिली होती. ती सतराव्या मिनिटाला म्हणते, ‘मागचे अन् ह्या महिन्याचे,’ आणि रक्कम सांगतच नाही; फक्त कोषाध्यक्षबाई ‘दोन’ म्हणतात. एकीची थकबाकी आणि दुसरीची अनुपस्थिती यांनी बेरीज नेमकी पूर्ण केली.

ही चूक पेटीच्या मोजणीत कधीच दिसली नसती. सदस्या 11 च्या पासबुकात न दिलेले शंभर रुपये जमा झाले असते आणि सदस्या 5 थकबाकीदार राहिली असती; तिने पुढच्या बैठकीत तक्रार केली असती तर तिच्याकडे पुरावा काहीच नव्हता. वाद अशाच नोंदीवरून होतात.

त्यामुळे आता दोन ताळे आहेत. पेटीचा ताळा सगळ्या रकमांचा आणि दिशांचा, तर दुसरा ताळा प्रत्येक सदस्येच्या नावासमोर एक तरी ऐकलेला शब्द आहे की नाही याचा. ज्या सदस्येच्या बचतीच्या ओळीत मुद्रणातील वेळ लिहिता येत नाही, तिची बचत जमा करायची नाही, मग बेरीज काहीही म्हणो. सदस्या 11 समोर ‘जमा नाही, थकीत 100’ असे लिहिले.

कर्जाचाही एक ताळा सहज मिळाला. जूनअखेर येणे 17,500, त्यातून परत आलेले मुद्दल 4,500 वजा, नवे कर्ज 6,500 अधिक, म्हणजे 19,500 यायला हवेत. सदस्यानिहाय बाक्या आहेत 4,500, 5,500, 3,000, 3,500 आणि 3,000. बेरीज 19,500. म्हणजे ऑगस्टच्या बैठकीत सर्वांनी नियमित दिले तर व्याज 390 रुपये जमा व्हायला हवे. हा आकडा आताच कागदावर लिहून ठेवतो.

21 जुलै, सोमवार

आज परतफेडीच्या तारखा. काम सोपे असेल असे वाटले होते.

सदस्या 3 चे सोपे निघाले. तीन हजार, ‘सहा हप्त्यांत’. बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला असते, म्हणून पहिला हप्ता 10 ऑगस्टला आणि सहावा 10 जानेवारी 2026 ला. तारखांसाठी `=EDATE($B$2,1)` पासून `=EDATE($B$2,6)` पर्यंत सूत्र पुरते. मुद्दल दरमहा 500 आणि व्याज उतरत्या शिल्लकेवर 60, 50, 40, 30, 20, 10, म्हणून हप्ते 560 पासून 510 पर्यंत उतरत जातात आणि एकूण व्याज 210 रुपये होते. अध्यक्षबाई मुद्रणात ‘पाचशे साठ, मंग कमी कमी’ असे म्हणतात, त्याच्याशी हे जुळते.

सदस्या 2 चे तसे नाही. पुढच्या महिन्यात तिचे व्याज 90 होईल, कारण बाकी 4,500 राहिली. मग तिने 590 आणायचे की नेहमीचे 600? हप्ता स्थिर ठेवला तर मुद्दल 510 फिटेल आणि कर्ज थोडे लवकर संपेल, मुद्दल स्थिर ठेवले तर हप्ता दरवेळी दहा रुपयांनी उतरेल. मुद्रणात याबद्दल कोणीच बोललेले नाही. माझ्याकडून काही भरले नाही, प्रश्न लिहून ठेवला.

सदस्या 6 चे साडेतीन हजार मात्र हप्त्यांचे नाहीत. ती महिन्याला 70 रुपये व्याज देणार आणि मुद्दल एकरकमी. कधी? ती म्हणते, ‘सोयाबीन आल्यावर.’ दुसरी एकजण म्हणते, ‘दसऱ्याला येतंय की.’ अध्यक्षबाई शेवटी म्हणतात, ‘दिवाळीच्या बैठकीत देऊन टाक,’ आणि विषय संपतो. यंदा दसरा 2 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला आहे. गटाच्या बैठका 10 ऑक्टोबर आणि 10 नोव्हेंबर अशा दिवाळीच्या दोन्ही बाजूंना पडतात. मी अंदाजाने 10 ऑक्टोबर लिहिली, कारण दिवाळीआधीचा हिशोब दिवाळीआधी मिटावा असे मला वाटले.

एक मात्र केले. तारखेच्या घराशेजारी ‘बोललेले शब्द’ आणि ‘कोणी ठरवले’ अशी दोन घरे जोडली. दुसऱ्या घरात ‘गटाने’ किंवा ‘मी’ यांपैकीच काही येऊ शकते. सदस्या 3 समोर ‘गटाने’, सदस्या 6 समोर ‘मी’. ज्या ओळीत ‘मी’ आहे ती ओळ वहीत शाईने चढवायची नाही, पेन्सिलने चढवायची.

10 ऑगस्ट, रविवार

स्वतः बैठकीला गेलो. काल राखी पौर्णिमा होती, त्यामुळे तीन सदस्या माहेरी गेलेल्या होत्या आणि सतरंजीवर ऐसपैस जागा होती. नेहमीच्या कामकाजाआधी जुलैचा हिशोब प्रत्येकीचे नाव घेऊन वाचून दाखवला. सदस्या 5 चे दोनशे ऐकल्यावर ती नुसती मान डोलावून म्हणाली, ‘हां, तेच.’ सदस्या 11 ने शंभर थकल्याचे लगेच मान्य केले आणि दोनशे काढून दिले.

मग प्रश्न विचारले. सदस्या 2 च्या हप्त्याबद्दल गटाने ठरवले की सहाशेच आणायचे, सुट्यांची भानगड नको. जास्तीचे दहा मुद्दलात घ्यायचे. सदस्या 6 ची तारीख वाचली, ‘10 ऑक्टोबर,’ आणि तीन-चार जणी एकदम हसल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘अहो दादा, दिवाळीची बैठक म्हंजे दिवाळी झाल्यावरची. दिवाळीच्या आधी कुणाच्या घरात पैसा ऱ्हातो का?’ सोयाबीनची काढणी झाली तरी मळणी, वाळवण आणि विक्री होऊन पैसा हातात येईपर्यंत दिवाळी उलटते, हे तिथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होते. मी दिनदर्शिका पाहिली होती, शेत पाहिले नव्हते. तारीख 10 नोव्हेंबर झाली, ‘मी’ खोडून ‘गटाने’ लिहिले आणि तिथेच शाई फिरवली.

चुकीच्या तारखेचा परिणाम लहान नव्हता. ऑक्टोबरला वसुली झाली नाही म्हणून हे कर्ज वहीत थकीत दिसले असते. गट बँकेकडे कर्जासाठी जातो तेव्हा पंचसूत्री पाहिली जाते आणि नियमित परतफेड हे तिच्यातील एक सूत्र आहे. ज्या बाईने कधी तारीख चुकवली नाही तिच्या नावावर माझ्या अंदाजामुळे एक महिन्याची थकबाकी लागली असती.

मुद्रणाची पद्धतही बदलली. फोन आता मधोमध नाही, कोषाध्यक्षबाईंच्या गुडघ्याजवळ पेटीला टेकून ठेवला. नोटा हातात घेतल्या की त्या आपणहून वहीतील क्रमांक, बाब आणि रक्कम उच्चारतात: ‘चार नंबर, बचत शंभर, मुद्दल पाचशे, व्याज एकशे दहा.’ सुटे परत देताना ‘परत’ हा शब्द आधी, रक्कम नंतर. ‘साठ’साठी त्या स्वतःहून ‘सहा दाही’ म्हणू लागल्या, ते मला सुचलेले नव्हते.

12 ऑगस्ट, मंगळवार

जुलैच्या मुद्रणाला दोन फेऱ्या, दुरुस्त्या आणि शोध धरून नऊ तासांहून अधिक वेळ लागला होता. ऑगस्टचे काम अडीच तासांत झाले आणि पेटी पहिल्याच बेरजेत जुळली.

व्याज 390 अपेक्षित होते, जमा झाले 330. जुलैत हा आकडा आधीच कागदावर असल्यामुळे पाहायला एक मिनिटही लागले नाही: सदस्या 7 माहेरी होती, तिचे 3,000 बाकी आहेत आणि त्याचे व्याज 60. सहसा न मिळालेली रक्कम मुद्रणात शोधताच येत नाही, कारण ती कोणी उच्चारलेलीच नसते. तिच्यासाठी आधीची खतावणी हाच एक कान आहे.

जुलैच्या हिशोबावर सह्या झाल्या होत्या, म्हणून जुलैचे मुद्रण आज सचिवबाईंच्या समोर पुसले. तक्त्यातील ‘बोललेले शब्द’ मात्र ठेवले आहेत, आणि त्यातील घरगुती गप्पांच्या ओळी काढून टाकल्या आहेत. तीन जणींच्या आजारपणाचा त्यात उल्लेख होता. तो वहीचा विषय नाही.

12 ऑक्टोबर, रविवार

सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. गटातील बहुतेकींच्या शेतात पाणी उभे राहिले. परवाच्या, 10 ऑक्टोबरच्या, मुद्रणात पहिली वीस मिनिटे तेच आहे, आणि यावेळी मी ती आधीपासून ऐकली.

चौतिसाव्या मिनिटाला सदस्या 6 व्याजाचे 70 रुपये देते आणि म्हणते की सोयाबीन पाण्यात गेले, पुढच्या महिन्यात साडेतीन हजार जमणार नाहीत. अध्यक्षबाई विचारतात, ‘मंग तूर निघाल्यावर?’ ती हो म्हणते. यावेळी सचिवबाईंनी कोणी न सांगता विचारले, ‘तूर म्हंजे कितवी बैठक, तारीख सांगा.’ उत्तर आले, ‘दहा जानेवारी.’ बाकीच्यांनी होकार दिला. व्याज तोवर दरमहा चालू राहील, मुदत उलटण्याआधीच वाढवली असल्यामुळे दंड नाही.

तक्त्यात 10 नोव्हेंबर ही तारीख खोडून तिच्या जागी 10 जानेवारी लिहिण्याच्या बेतात होतो. तसे केले नाही. जुनी ओळ जशीच्या तशी ठेवली, तिच्या खाली ‘मुदतवाढ’ अशी नवी ओळ घातली, ठराव झाल्याची तारीख 10 ऑक्टोबर लिहिली आणि बोललेल्या शब्दांच्या घरात ‘सोयाबीन पाण्यात गेलं, तूर निघाल्यावर’ हे वाक्य भरले. पुढे कोणी वही तपासली तर मूळ तारीख काय होती, ती कधी बदलली आणि का बदलली या तिन्हींचे उत्तर त्याच पानावर मिळेल.

ऑक्टोबरची पेटी मोजून 1,215 रुपये आली. तक्त्यात 1,225 दिसत आहेत. दहा रुपये म्हणजे बहुधा उशिराचा एक दंड आहे, जो बोलला गेला पण दिला गेला नाही. उद्या सकाळी पुन्हा ऐकतो.